किडनी देणाऱ्या बाईची रजा : बेचाळीस दिवस कशासाठी?

बचत गटांच्या बैठकांना भवानीनगर, सणसर, बारामतीकडे आम्ही फिरतो, तेव्हा हप्त्यांच्या हिशोबाबरोबर घरची दुखणीही निघतात. कुणाच्या मालकांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू असतं, कुणाच्या भावाला डॉक्टरांनी किडनी बदलायला सांगितलेलं असतं. मग घरातली एखादी बाई म्हणते, “माझी घ्या.” आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्या शंभर माणसांत साठहून जास्त बायका असतात. पण किडनी दिल्यावर तिला विश्रांती किती, रजा कुठून आणि तेवढे दिवस घर कोण बघणार, हे कुणी आधी बोलत नाही. आज आपण तेवढंच बोलू.

आधी नोकरीवाल्या बहिणींचं. केंद्र सरकारच्या कार्मिक खात्याने २५ एप्रिल २०२३ रोजी एक आदेश काढला. अवयव दान करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला जास्तीत जास्त ४२ दिवसांची विशेष नैमित्तिक रजा मिळते. त्याआधी ती ३० दिवसांची होती. ही पगारी रजा आहे आणि आपल्या साठलेल्या रजेतून वजा होत नाही. पोट उघडून ऑपरेशन करा की दुर्बिणीतून, दिवस तेवढेच. मात्र सरकारी नोंदणी असलेल्या डॉक्टरांची लेखी शिफारस लागते. ही रजा साधारणपणे सलग, दवाखान्यात भरती झाल्या दिवसापासून धरतात. डॉक्टरांनी गरज सांगितली तर ऑपरेशनच्या आधी एक आठवड्यापर्यंत ती सुरू करता येते. रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना हा आदेश लागू नाही, त्यांचे नियम वेगळे आहेत.

उदाहरण घेऊ. समजा, टपाल खात्यात कायम नोकरीला असलेली एक बहीण भावाला किडनी देते आहे. ती सोमवारी, ५ जानेवारी २०२६ रोजी पुण्यात भरती झाली. तो पहिला दिवस धरला तर बेचाळिसावा दिवस रविवारी, १५ फेब्रुवारीला येतो आणि १६ तारखेला ती कामावर हजर होते. इथवर सरळ आहे. पण भरती होण्याआधी रक्तगट, रक्ताची जुळणी, लघवीतलं प्रथिन, दोन्ही किडन्या किती काम करतात याचा स्कॅन, रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, शिवाय कागदपत्रं आणि मुलाखत यासाठी तिला पुण्याला पुन्हापुन्हा जावं लागलं. यात महिने जातात. हे दिवस ४२ मध्ये बसत नाहीत, ते तिच्या स्वतःच्या रजेतून जातात. म्हणून तपासण्या सुरू होण्याआधीच आपली किती रजा शिल्लक आहे ते बघावं. आणि ऑपरेशननंतर काही बिघडलं तरच, डॉक्टरांच्या शिफारशीने, या रजेला दुसरी रजा जोडता येते.

खासगी कंपनीत किंवा कारखान्यात असलेल्यांना हा आदेश बांधील नाही. कामगार कायद्याप्रमाणे साधारण वीस दिवस कामाला एक दिवस पगारी रजा साठते आणि ती तीस दिवसांपर्यंत पुढे नेता येते. म्हणजे ४२ दिवस भरतीलच असं नाही. उरलेल्या दिवसांचं काय, हे मालकाकडून ऑपरेशनच्या आधी लेखी घ्यावं. राज्य सरकार, जिल्हा परिषद किंवा शाळेत असाल तर आस्थापना विभागात आपल्याला लागू असलेला शासन निर्णय मागून घ्या.

आता हे सहा आठवडे शरीराला का लागतात ते बघू. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं तर बाई तीन-पाच दिवसांत घरी येते. वरची जखम लहान दिसते आणि घरच्यांना वाटतं, झाली बरी. पण किडनी बाहेर काढायला पोटाचे थर कापलेले असतात आणि ते आतून घट्ट व्हायला सहा आठवडे लागतात. तोवर चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलायचं नाही. आपली भरलेली कळशी दहा किलोंच्या आसपास जाते. म्हणजे कळशी नाही, गवताचा भारा नाही, दुधाची किटली नाही. घाई केली तर जखमेच्या जागी हर्निया होऊ शकतो. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून थोडं थोडं करायचं, म्हणजे पायात रक्त गोठत नाही. बसून काम असणारी बाई चार ते सहा आठवड्यांत कामावर जाऊ शकते. खुरपणीला किंवा ऊसतोडीला जाणारीला दोन-तीन महिनेही लागतात. तिने डॉक्टरांना आपलं काम नेमकं सांगावं. नुसतं “घरीच असते” म्हणू नये, कारण घरचंच काम वजनाचं असतं.

ताप, जखमेतून पू किंवा लाली, वाढत जाणारी पोटदुखी, एका पोटरीला सूज, दम लागणं किंवा लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

राहिलेली एक किडनी हळूहळू काम वाढवते आणि पूर्वीच्या दोघींच्या मिळून सत्तर टक्क्यांपर्यंत काम करते. निरोगी बाईला ते पुरतं. पण दर वर्षी रक्तदाब, रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासायचं, आयुष्यभर. कंबर दुखते म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी आणून खायची नाही, त्या गोळ्या किडनीला बाधतात. ज्यांना पुढे मूल हवं आहे त्यांनी आधीच सांगावं. दान केल्यावर गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका थोडा जास्त असतो आणि मध्ये किमान सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात.

आता घरातला नाजूक प्रश्न. कायद्याने जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं. सून, जाऊ, नणंद, वहिनी यात येत नाहीत. सुनेने सासूला किडनी द्यायची तर प्राधिकार समितीची मंजुरी लागते. कुणी पैसे दिलेत का, कुणी दबाव आणलाय का, हे समिती विचारते. दाता बाई असेल तर जास्त काळजी घ्यावी आणि तिची संमती स्वतंत्रपणे, रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्याकडून पडताळावी, असं २०१४ च्या नियमांतच आहे. २०२२ साली पुण्यात पैशांचं आमिष दाखवून एका बाईला रुग्णाची खोटी बायको म्हणून उभं केल्याचं प्रकरण उघड झालं होतं. म्हणून समितीचे प्रश्न अपमान समजू नका. नको वाटत असेल तर ते सांगायची तीच जागा आहे. सही केल्यावरही, ऑपरेशनच्या टेबलापर्यंत, बाई नाही म्हणू शकते.

ज्या बहिणींना कुठलीच रजा नाही, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकींना, त्यांच्यासाठी हेच ४२ दिवस माप म्हणून धरा. भरतीच्या आधी कॅलेंडरवर खूण करा आणि घरच्यांसमोर नावानिशी ठरवा की पाणी कोण भरणार, धार कोण काढणार, दवाखान्यात रुग्णाजवळ कोण आणि दात्याजवळ कोण थांबणार. घरातली दोन माणसं एकाच दिवशी ऑपरेशनला जातात, हे बरेचदा विसरलं जातं. गटाच्या अंतर्गत कर्जाचा हप्ता दोन महिने पुढे ढकलायचा असेल तर तो ठराव आधीच्या मासिक बैठकीत इतिवृत्तात लिहून घ्या. बँकेच्या कर्जाचं मात्र बँकेत जाऊनच बोलावं लागेल. आणि गावात ऊसतोडीचा हंगाम जोरात असेल तर डॉक्टरांना तारीख पुढे घेता येते का, हे विचारा. रुग्णाचं डायलिसिस नीट चालू असेल तर थोडी मागेपुढे तारीख ते बघू शकतात.