बायोडेटातली बदली

शिरवणे गावठाणातल्या ओळखीच्या एका घरी मुलाचा बायोडेटा तपासायला बसलो होतो. मुलगा नायब तहसीलदार. नोकरीच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं : ‘शासकीय नोकरी, मुंबई परिसर.’ गेल्या सहा वर्षांत तो माणगाव, डहाणू आणि पनवेल फिरला, त्याचा उल्लेखच नाही. विचारलं तर म्हणाला, "काका, तीन गावं लिहिली की लोकांना वाटतं, हा कुठेच टिकत नाही."

हा पहिला गैरसमज, आणि तो मुलीकडच्यांइतकाच मुलाच्याही डोक्यात आहे. वस्तुस्थिती अशी की महाराष्ट्रात बदल्यांचा स्वतंत्र कायदाच आहे. नावात 2005 असलं तरी तो जुलै 2006 पासून लागू झाला. गट अ, ब आणि क मधल्या कर्मचाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ त्यात तीन वर्षं ठरवला आहे. मंत्रालयाबाहेरच्या गट क कर्मचाऱ्याला एका कार्यालयात असे दोन कार्यकाळ मिळू शकतात. बदल्या साधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत होतात. मध्येच करायची तर विशेष कारण नोंदवून वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. म्हणजे तीन वर्षांनी झालेली बदली हा कर्मचाऱ्याचा चंचलपणा नसून सरकारचं वेळापत्रक आहे.

म्हणून बायोडेटा वाचताना गावं मोजू नका, महिने मोजा. या मुलाचा हिशेब असा : माणगाव जून 2018 ते जून 2021, डहाणू जून 2021 ते जानेवारी 2024, तेव्हापासून पनवेल. माणगावची तीन वर्षं पूर्ण. डहाणूत मात्र पाचेक महिने कमी पडले, आणि मुलीकडचे नेमकं तिथंच बोट ठेवतील. ते कमी पडण्याचं कारण सोपं आहे. निवडणुकीशी संबंधित अधिकारी स्वतःच्या जिल्ह्यात नसावा आणि एका जिल्ह्यात त्याची तीन वर्षं झालेली नसावीत, असा निवडणूक आयोगाचा दंडक असतो. लोकसभेच्या वेळी 30 जून 2024 पर्यंत ज्यांची तीन वर्षं भरत होती त्यांना आधीच हलवलं गेलं. शिरवणे ठाणे जिल्ह्यात येतं, त्यामुळे निवडणुकीच्या तोंडावर या मुलाला घराजवळ ठाणे जिल्ह्यात बसवणं तसंही अवघड. याउलट कुणी दोन वर्षांत चार ठिकाणी फिरला असेल आणि एकाचंही कारण सांगता येत नसेल, तर जरूर विचारा.

दुसरा गैरसमज मुलीच्या आईचा : "आज पनवेल, उद्या गडचिरोली!" बदली कुठवर होऊ शकते हे संवर्गावर अवलंबून असतं. नायब तहसीलदाराचा संवर्ग महसूल विभागाचा, आणि या मुलाचा विभाग कोकण. मुंबईचे दोन जिल्हे, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. विभागीय आयुक्तांचं कार्यालयही बेलापूरच्या कोकण भवनात, म्हणजे शिरवण्याहून लोकलच्या काही स्थानकांवर. पण इथं लपवाछपवी नको. सावंतवाडीही कोकणातच येते, आणि तिथून रोज घरी येता येत नाही. शिवाय बढती मिळून तहसीलदार झाला की संवर्ग राज्याचा होतो आणि विभाग बदलू शकतो. हे पहिल्या भेटीतच सांगितलेलं बरं.

बायको सरकारी नोकरीत असली की दोघांना एकाच गावी ठेवतातच, अशीही एक समजूत आहे. पती-पत्नी एकत्रीकरणाचा विचार होतो, हमी मिळत नाही.

शेवटी आम्ही तो रकाना असा लिहिला : ‘नायब तहसीलदार, कोकण महसूल विभाग. सध्या पनवेल, जानेवारी 2024 पासून. यापूर्वी माणगाव (3 वर्षं) व डहाणू (अडीच वर्षं, निवडणुकीपूर्वीची प्रशासकीय बदली). बदली साधारण तीन वर्षांनी, विभागांतर्गत. बढतीनंतर विभागाबाहेर शक्य. कायमचं घर शिरवणे, वडिलांच्या नावे.’ शेवटचे दोन शब्द त्याला नको होते. मी राहू दिले. घर स्वतःचं असल्याचा समज करून देणं हे बदली लपवण्यापेक्षा महागात पडतं. ‘बदलीची तयारी असलेली मुलगी हवी’ हे वाक्य मात्र खोडलं, कारण त्यात अट दिसते आणि माहिती काहीच मिळत नाही. त्याऐवजी भेटीत विचारायचं की तिची नोकरी कुठं आहे आणि ती सोडण्याचा प्रश्न आला तर दोघं काय करणार.

एक गोष्ट आम्हीही आधी विसरलो होतो. बायोडेटाच्या तळाशी तो कधी लिहिला ते महिना-वर्षासह टाका. मार्चमध्ये छापलेला कागद जूनमध्ये कुणाच्या हाती पडला, तर त्यावरचं नेमणुकीचं गाव बदललेलं असू शकतं.