रजेचे नवे गणित : २४० वरून १८० दिवस

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर वळसंग लागते. या पट्ट्यातील एखाद्या चादर वा टॉवेल विणणाऱ्या कारखान्यात नवे कामगार रुजू झाले, की पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे रजेच्या नियमांचा कागद ठेवला जातो. मजकूर घाईने वाचून दाखविला जातो, सह्या होतात आणि कामगार मागाकडे वळतात. खरा प्रश्न जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला रजा मागताना उभा राहतो. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्यामुळे अनेक ठिकाणी हा कागद बदलावा लागत आहे. तेव्हा पहिल्या दिवशीच्या त्या दहा मिनिटांत नेमके काय सांगितले गेले पाहिजे, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

सर्वप्रथम सांगायचे ते हे, की कायदा ठरवितो ती किमान मर्यादा. कारखान्याचे धोरण त्याहून अधिक देऊ शकते. कमी देऊ शकत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार वर्षात २४० दिवस काम भरले तरच पगारी रजेचा हक्क मिळत असे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेच्या कलम ३२ ने ही अट १८० दिवसांवर आणली. दर मात्र जुनाच राहिला : प्रौढ कामगाराला कामाच्या प्रत्येक २० दिवसांमागे एक दिवस.

फरक कोणाला पडतो? वर्षभर नियमित येऊन ३०० दिवस भरणाऱ्याला पूर्वीही १५ रजा मिळत होत्या, आताही तितक्याच मिळतात. परंतु सुगीत शेतावर राबणारा किंवा घरातील आजारपणामुळे खंड पडलेला कामगार २०० दिवसच भरत असेल, तर जुन्या कायद्याने त्याच्या पदरात शून्य पडत होते. नव्या हिशेबाने दहा रजा पडतात. वर्षाच्या मध्यात रुजू होणाऱ्याचे गणित याहून सुधारले आहे. १ जुलैला लागलेल्या कामगाराच्या वाट्याला वर्षाचे १८४ दिवस उरतात. पूर्वी त्यांपैकी दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे १२३ दिवस काम भरावे लागे. आता एक चतुर्थांश, म्हणजे ४६ दिवस पुरतात. त्याने १०० दिवस काम केले, तर पाच रजा त्याच्या हक्काच्या. नवागतांना हे उदाहरण त्यांच्याच रुजू तारखेवरून फळ्यावर मांडून दाखविले, तर नियमांची चार पाने वाचण्याची गरज उरत नाही.

दुसरा मुद्दा शिल्लक रजेचा. ‘न घेतलेली रजा ३१ डिसेंबरला बुडेल’ असे वाक्य अनेक नियमावल्यांत आढळते. कारखान्याने स्वखुशीने दिलेल्या जादा किरकोळ रजेपुरते ते चालू शकते. कायद्याने कमावलेल्या रजेला ते लागू होत नाही. अशी रजा ३० दिवसांपर्यंत पुढील वर्षात जाते, त्यावरील रजेचे पैसे मागता येतात. वर्षअखेरीस मागणी केल्यास शिल्लक रजाही रोखीत घेता येते. येथे एक सावधगिरी हवी. डिसेंबरअखेर सगळी रजा पैशांत बदलून घेणाऱ्याच्या खात्यात दोन आठवड्यांनी येणाऱ्या गड्ड्यासाठी काहीच उरत नाही, आणि नवी रजा तर अजून कमवायची असते. मग ती गैरहजेरी बिनपगारी ठरते.

रीतसर अर्ज करूनही रजा नाकारली, तर नाकारलेली रजा ३० दिवसांच्या मर्यादेबाहेर पुढे नेता येते. मात्र मुकादमाकडे तोंडी विचारणा आणि त्याचे तोंडी ‘नाही’ यांचा पुरावा कोठेच राहत नाही. म्हणून अर्ज लेखी द्यावा व त्याची पोच घ्यावी. रजेच्या मध्ये किंवा टोकाला आलेली साप्ताहिक सुट्टी रजेत धरता येत नाही, हेही हजेरीपत्रकाशी ताडून पाहावे. चूक बहुधा याच जागी सापडते.

मर्यादाही स्पष्ट करणे आवश्यक आहे. ही तरतूद साधारणतः दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. चार मागांच्या घरगुती कारखान्याला ती पोहोचत नाही. महिना १८ हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ नसतो, त्यामुळे त्याचा आधार केवळ नेमणूकपत्र आणि धोरणाचा कागद. आजारपणाची वेगळी रजाही या कलमात नाही. राज्य विमा योजनेखालील कामगाराला आजारपणाचा लाभ तिकडून, त्या योजनेच्या अटींनुसार मिळतो. नोकरी सोडताना मात्र १८० दिवस भरले नसले तरी कमावलेल्या रजेचे पैसे हिशेबात मिळालेच पाहिजेत, आणि तेही दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी.