रिकामा कप्पा आणि पुसलेला कप्पा

ओपन ॲड्रेसिंग पद्धतीच्या हॅश टेबलमध्ये सगळ्या नोंदी कप्प्यांच्या एकाच सलग रांगेत राहतात. नोंदीच्या किल्लीवरून तिचा मूळ कप्पा ठरतो. तो भरलेला असेल, तर लिनिअर प्रोबिंग या सर्वांत सोप्या रीतीत पुढचा कप्पा पाहतात, तोही भरलेला असेल तर त्यापुढचा. शोधही त्याच वाटेने जातो आणि रिकामा कप्पा लागताच थांबतो, कारण किल्ली टेबलमध्ये असती तर ती तो मोकळा कप्पा ओलांडून पुढे गेलीच नसती. नोंद काढताना धक्का बसतो तो नेमका या गृहीतकाला.

समजा, 0 ते 9 असे दहा कप्पे आहेत आणि किल्लीचा शेवटचा अंक हाच तिचा मूळ कप्पा. 23 ही किल्ली कप्पा 3 मध्ये बसते. 43 लाही 3 हवा, पण ती 4 मध्ये जाते. 54 चा स्वतःचा कप्पा 4 गेलेला असल्याने तिला 5 मिळतो, आणि 63 सरकत सरकत 6 मध्ये पोचते. आता 43 काढून कप्पा 4 नुसता रिकामा केला, तर 63 चा शोध 3 पाहतो, 4 रिकामा दिसताच थांबतो आणि किल्ली नाही असे सांगतो. 54 चा शोध तर पहिल्याच पावलाला फसतो. दोन्ही नोंदी जागेवरच आहेत, पण त्यांच्याकडे जाणारी वाट तुटली आहे. त्यातच कोणी 63 पुन्हा घातली, तर ती 4 मध्ये बसते आणि एकाच किल्लीच्या दोन प्रती होतात. कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही, म्हणून हा दोष फार घातक. तो पकडायचा तर सगळे कप्पे ओळीने वाचून त्यातली प्रत्येक किल्ली नेहमीच्या शोधाने त्याच कप्प्यात सापडते का, हे तपासावे लागते.

उपाय म्हणजे कप्प्याला तिसरी अवस्था देणे. काढलेल्या नोंदीच्या जागी टूमस्टोन नावाची खूण ठेवतात: इथे पूर्वी नोंद होती, पुढे पाहत राहा. शोध ही खूण ओलांडून जातो. नवी नोंद त्या जागी बसू शकते, मात्र लगेच नाही. पहिली खूण लक्षात ठेवून रिकामा कप्पा लागेपर्यंत शोध पूर्ण करावा लागतो, नाहीतर किल्ली पुढे आधीच असल्याचे कळत नाही आणि दुहेरी नोंद होते.

खुणांनाही किंमत आहे. भर-काढ सतत चालू राहिली की जिवंत नोंदी थोड्या असूनही टेबल खुणांनी भरते आणि नसलेल्या किल्लीचा शोध लांबत जातो. एकही खरा रिकामा कप्पा उरला नाही, तर तपासलेले कप्पे न मोजणारा शोध गोल फिरतच राहतो. म्हणून टेबल किती भरले हे ठरवताना जिवंत नोंदींबरोबर खुणाही मोजतात आणि मर्यादा ओलांडली की फक्त जिवंत नोंदी नव्या टेबलमध्ये घालतात.

लिनिअर प्रोबिंगमध्ये खुणेशिवायही भागते. 43 काढल्यावर 54 ला 4 मध्ये आणि 63 ला 5 मध्ये मागे ओढले, की कप्पा 6 निर्धास्तपणे रिकामा करता येतो. मात्र मूळ कप्प्याच्याही मागे कोणतीच नोंद ओढायची नाही: कप्पा 5 मध्ये 54 ऐवजी 75 असती, तर ती जागेवरच राहिली असती आणि 63 थेट 4 मध्ये आली असती.