गाण्याच्या तुकड्यातून रिंगटोन: लांबी, काप आणि फेड

रिंगटोनची लांबी फोन किती वेळ वाजतो यावर ठरते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ट्रायने 2019 साली भारतासाठी ही वेळ ठरवून दिली. कॉल उचलला किंवा नाकारला नाही, तर मोबाइल 30 सेकंद आणि लँडलाइन 60 सेकंद वाजते. त्यामुळे मोबाइलसाठी चाळीस-पन्नास सेकंदांचा तुकडा कापला, तर त्याचा शेवट कधीच कानावर पडत नाही. पंचवीस ते तीस सेकंद पुरेसे होतात. बहुतेक लोक दहा सेकंदांच्या आतच फोन उचलतात, म्हणून गाण्यातली ओळखीची जागा अगदी सुरुवातीला यायला हवी. तीस सेकंदांच्या वाद्यसंगीतानंतर येणारा मुखडा कितीही सुंदर असला, तरी रिंगटोन म्हणून त्या तुकड्याचा उपयोग नाही.

काप कुठे घ्यायचा हे ताल सांगतो. केरव्यातले एखादे भावगीत घेऊ. त्याची लय मिनिटाला 160 मात्रांची आहे. एक मात्रा 0.375 सेकंदाची झाली, आणि आठ मात्रांचे आवर्तन बरोबर 3 सेकंदांचे. नऊ आवर्तने घेतली की 27 सेकंदांचा तुकडा मिळतो. तो संपून फोनने पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, तरी ठेका मोडत नाही. मात्र मुखडा नेहमी समेवरच उठतो असे नाही. या गाण्यात तो पाचव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून उठत असेल, तर समेपासून कापल्यास मुखड्याचे पहिले शब्दच जातात. अशा वेळी तुकडा खालीपासून सुरू करावा आणि नऊ आवर्तनांनंतरच्या खालीच्या अगदी आधी संपवावा. एकूण लांबी तीच राहते, फक्त दोन्ही टोके चार मात्रा पुढे किंवा मागे सरकतात. जुन्या ध्वनिमुद्रणांत वादक माणसे आहेत आणि लय किंचित हलते. त्यामुळे गणिताने जागा अंदाजे सापडते, नेमकी जागा कानाने आणि पडद्यावरच्या लहरीवरून ठरवावी लागते.

या कामाला ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम चांगला आहे. गाणे त्यात उघडले की आवाजाची लहर दिसते आणि तबल्याचा प्रत्येक ठळक बोल त्यात टोकदार उंचवट्यासारखा उठून दिसतो. फोनला स्टिरिओचा फारसा उपयोग नसल्यामुळे आधी Mix Stereo Down to Mono ही आज्ञा देऊन दोन्ही बाजू एकत्र कराव्यात. मग हवा तो भाग निवडून Ctrl+T दाबले की बाकीचे गाणे कापले जाते.

बहुतेक घरगुती रिंगटोनमध्ये सुरुवातीला बारीकशी ‘टक्’ ऐकू येते. तिचे कारण सरळ आहे. लहर शून्याच्या वर-खाली सतत फिरत असते. ती वर असतानाच कापली, तर स्पीकरच्या पडद्याला शांत अवस्थेतून एका क्षणात त्या उंचीवर उडी घ्यावी लागते, आणि तो धक्का ‘टक्’ म्हणून ऐकू येतो. निवड केल्यानंतर Z दाबले की ऑडॅसिटी टोके लहर शून्यावर असलेल्या जवळच्या जागी सरकवते. तरीही छोटासा फेड-इन द्यावाच. तबल्याच्या बोलाच्या 10 मिलिसेकंद आधी तुकडा सुरू करावा आणि तेवढ्याच भागावर Fade In लावावा. धक्का नाहीसा होतो आणि बोलाची धार शाबूत राहते. बोलावरच फेड चढवला तर तबला बोथट वाजतो. दोन-तीन सेकंदांचा फेड-इन कागदावर चांगला वाटतो, पण खिशातल्या फोनची पहिली दोन सेकंदे त्यात वाया जातात.

शेवटाचा विचार वेगळा करावा लागतो. तुकडा पुन्हा पहिल्यापासून वाजणार असेल, तर लांब फेड-आउट त्याला मारक ठरतो, कारण आवाज विरत जातो आणि एकदम पूर्ण जोराने परत येतो. नऊ आवर्तनांच्या आपल्या तुकड्याला म्हणून शेवटीही 10 मिलिसेकंदांचाच फेड-आउट पुरतो. हवे तिथे आवर्तन पुरे होत नसेल, गायकाची तान मध्येच तुटत असेल, तर मात्र शेवटच्या दीड-दोन सेकंदांवर फेड-आउट द्यावा. इथे साध्या Fade Out पेक्षा Studio Fade Out बरा वाटतो. साधा फेड लहरीची उंची सरळ रेषेत कमी करतो, आणि उंची निम्मी झाली तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटत नाही. त्यामुळे बराच वेळ काहीच बदलले नाही असे वाटते आणि शेवटी आवाज झपकन जातो.

त्यानंतर फोनच्या स्पीकरचा विचार येतो. बोटाच्या पेराएवढ्या त्या स्पीकरमधून डग्ग्याची घुमक आणि बेस गिटार जवळजवळ बाहेर पडतच नाही. हे खालचे सूर फाइलमध्ये राहिले तर स्पीकर त्यांच्याशी झगडत खरखरतो. High-Pass Filter मध्ये 150 हर्ट्झ लिहून ते काढून टाकावेत. बासरी, संतूर, हार्मोनियम किंवा स्त्रीचा आवाज फोनवर स्पष्ट पोचतो, म्हणून तुकडा निवडतानाच अशी जागा शोधलेली चांगली. यानंतर Normalize मध्ये सर्वांत उंच टोक उणे 1 डेसिबलवर आणावे. त्याहून जोर वाढवला तर लहरीचे शेंडे सपाट होतात आणि आवाज फाटतो. तपासणी हेडफोनवर न करता फोनवरच करावी, कारण खरखर तिथेच सापडते.

अँड्रॉइडसाठी ही फाइल OGG स्वरूपात जतन करावी. MP3 बनवताना सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता आपोआप जोडली जाते, आणि तुकडा पुन्हा सुरू होताना तेवढ्यानेही ठेका अडखळतो. OGG मध्ये ती भर पडत नाही. निर्यात करताना माहितीच्या तक्त्यात ANDROID_LOOP हे नाव आणि true ही किंमत लिहिली, तर फोन तुकडा अखंड जोडून वाजवतो. फाइल फोनमधल्या Ringtones या फोल्डरात ठेवली की सेटिंगमधल्या यादीत ती दिसू लागते. आयफोनसाठी WAV फाइल गॅरेजबँड अ‍ॅपमध्ये उघडून तिथूनच रिंगटोन म्हणून पाठवता येते. तिथे 30 सेकंदांची मर्यादा आहे, म्हणून 27 सेकंदांचा तुकडा जसाच्या तसा बसतो.

संदेशाच्या सूचनेचा आवाज याच गाण्यातून काढायचा असेल, तर एक-दीड सेकंदच घ्यावा आणि फोनच्या Notifications फोल्डरात ठेवावा. इथे तुकडा दर वेळी शेवटपर्यंत ऐकला जातो, त्यामुळे फेड-आउट सर्वांत महत्त्वाचा. शब्दांऐवजी संतूरचा किंवा सतारीचा एखादा सुटा सूर निवडावा. तो छेडल्यानंतर स्वतःच विरत जातो, आणि फेडने त्याच उताराला फक्त पुढे शून्यापर्यंत न्यायचे असते. मागे दुसरे वाद्य वाजत असेल, तर तेही सुराबरोबर खाली जाताना ऐकू येते आणि तुकडा गाण्यातून तोडलेला आहे हे लगेच कळते. अशी जागा सोडून सूर एकटा वाजतो ती जागा शोधावी. या फाइलवर ANDROID_LOOP ची खूण चुकूनही ठेवू नये, नाहीतर एका संदेशासाठी फोन तोच सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहतो.