ओला स्पंज, बंद डबी

फाउंडेशन लावायचा स्पंज ओला करून वापरतात आणि बहुतेक वेळा तसाच ओलसर बंद पाऊचमध्ये टाकतात. त्याच्या छिद्रांत क्रीमचं तेल, त्वचेचा मळ आणि ओल एकत्र राहते. जंतूंना आणखी काय हवं? ब्रिटनमधल्या ॲस्टन विद्यापीठाने २०१९ मध्ये वापरातले स्पंज तपासले, तेव्हा ९३ टक्के स्पंज एकदाही धुतलेले नव्हते. त्वचेवर ओरखडा किंवा फुटलेली पुटकुळी असेल तर तिथून संसर्ग आत शिरतो. डोळ्यांजवळ वापरल्यास डोळे येऊ शकतात.

म्हणून स्पंज प्रत्येक वापरानंतर धुवावा. कोमट पाण्यात भिजवून बेबी शाम्पू चोळा आणि दाबून निघणारं पाणी नितळ होईपर्यंत दाबत राहा. मग हवेशीर जागी पूर्ण वाळवा. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवा. वाळल्यावरही कुबट वास आला, आत काळे ठिपके दिसले किंवा स्पंज फाटला, तर तो टाकून द्या.

फाउंडेशनचे ब्रश आठवड्याला धुतले तरी चालतात. मात्र केस खाली धरूनच धुवा, कारण दांड्याच्या सांध्यात पाणी गेलं की गोंद सुटतो आणि केस गळू लागतात. डोळे आले असताना वापरलेला स्पंज किंवा मस्कारा धुऊन वाचवायचा प्रयत्न करू नका, फेकूनच द्या.