कोणती जाहिरात थांबवायची?

क्लिक-थ्रू रेट, म्हणजेच सीटीआर, हे जाहिरात जितक्या वेळा दिसली त्यापैकी किती वेळा तिच्यावर क्लिक झाले याचे प्रमाण असते. कॉस्ट पर लीड म्हणजे नाव आणि फोन नंबर देणाऱ्या एका चौकशीमागे झालेला खर्च. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींसाठी अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये CTR (link click-through rate) हा रकाना पाहावा. CTR (all) मध्ये लाइकसारखे क्लिकही मोजले जात असल्याने तो आकडा फुगलेला दिसतो.

त्याआधी एका लीडला किती खर्च परवडतो हे ठरवावे लागते. समजा, सीईटीच्या एका क्लासला वीस लीडमागे एक प्रवेश मिळतो आणि एका प्रवेशासाठी जाहिरातीवर ४,००० रुपये घालण्याची त्याची तयारी आहे. मग एका लीडची मर्यादा २०० रुपये झाली.

या क्लासने तीन जाहिरातींवर प्रत्येकी ३,००० रुपये खर्च केले. 'फीमध्ये ५० टक्के सूट' या पहिल्या जाहिरातीचा सीटीआर २.५ टक्के आला आणि ६० लीड मिळाले, म्हणजे लीड ५० रुपयांना पडला. गुणवंत विद्यार्थ्यांचे निकाल दाखवणाऱ्या दुसरीचा सीटीआर ०.९ टक्केच होता. तिला २० लीड मिळाले, दर १५० रुपये. शिक्षकांच्या व्हिडिओची तिसरी जाहिरात क्लासच्या वेबसाइटवर नेत होती. तिचा सीटीआर २ टक्के, पण लीड सहाच. दर ५०० रुपये.

आकडे पाहता पहिली जाहिरात सरस वाटते. मात्र फोन केल्यावर तिच्या ६० जणांपैकी तिघेच डेमो लेक्चरला आले, तर दुसरीच्या २० पैकी आठ. म्हणजे डेमोला आलेला एक विद्यार्थी पहिलीतून १,००० रुपयांना आणि दुसरीतून ३७५ रुपयांना पडला. सवलतीच्या ओढीने फॉर्म भरणारे पुष्कळ, शिकायला येणारे थोडे. म्हणून थांबवायची ती पहिली. तिसरीत लोक क्लिक करतात, पण फॉर्म भरत नाहीत. अशा वेळी दोष बहुधा जाहिरातीत नसून पुढच्या पानात असतो: पान उशिरा उघडते किंवा फॉर्म लांबलचक असतो. आधी ते सुधारून पाहावे. सीटीआरही कमी आणि लीडही महाग असेल, तर जाहिरात बंद करायला हरकत नाही.

निर्णयाची घाईही महागात पडते. दर खरोखर २०० रुपये असलेल्या जाहिरातीलाही पहिल्या २०० रुपयांत एकही लीड न येण्याची शक्यता एक तृतीयांशाहून अधिक असते. ६०० रुपये खर्चूनही अशा जाहिरातीचे हात रिकामे राहण्याची शक्यता मात्र सुमारे ५ टक्केच उरते. म्हणून मर्यादेच्या तिप्पट खर्च होऊनही लीड नसेल, तर जाहिरात थांबवावी.