गोंगाटातली कुजबुज

टाकानिनीतल्या आमच्या मीटरपेटीत एक जुना रिपल रिले आहे. मागणी वाढली की २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या विजेवर जेमतेम ३ व्होल्टचा, समजा ३१७ हर्ट्झचा, संकेत चढवतात. रिले तो ओळखून गरम पाण्याची टाकी बंद करतो. एवढ्या गोंगाटात त्याला कुजबुज ऐकू येते कशी?

सोयीचे आकडे घेऊ. रोध २० ओहम, कॉइल ०.२५२ हेन्री, कपॅसिटर १ मायक्रोफॅरड, तिन्ही एकामागे एक. ३१७ हर्ट्झला कॉइल आणि कपॅसिटर, दोघांचा रिॲक्टन्स ५०२ ओहम, पण दिशा उलट. म्हणून ते एकमेकांना खोडतात. हाच अनुनाद. इम्पिडन्स उरतो २० ओहम, आणि ३ व्होल्टला १५० मिलिअँपिअर वाहतात. कपॅसिटरवर तर ७५ व्होल्ट दिसतात! (कॉलेजात मला हे पटलंच नव्हतं.) ५० हर्ट्झला मात्र कपॅसिटर ३१८३ ओहम, कॉइल अवघी ७९. फरक ३१०४, म्हणून २३० व्होल्ट असूनही प्रवाह ७४च.

कपॅसिटर म्हातारा होऊन ०.९ वर आला, की ३१७ हर्ट्झला ५६ ओहमचा फरक पडतो. ५६ आणि २० यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं, की इम्पिडन्स सुमारे ६०. संकेताचा प्रवाह ५० वर घसरतो, गोंगाटाच्याही खाली. मग 'बंद'ची आज्ञा कशीबशी ऐकली आणि 'चालू'ची निसटली, तर सकाळी आंघोळीला पाणी गार.